लग्नाच्या ग्रुपवरचा एक मेसेज : येणं, मुक्काम आणि गाड्या



गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न आमच्याच गावी, पिंपळनेरला झालं. मुलाकडची मंडळी पुण्याची. दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप केला होता. त्यात पाहुण्यांचं येणं, मुक्काम आणि गाड्या यांबद्दलचा मेसेज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तुम्ही बी. कॉम. आहात, हिशोब तुम्हाला जमतो." त्यानंतर दोन-तीन जणींनी तो मेसेज मागून घेतला. मेसेज देणं सोपं आहे, पण तो तसाच उचलून उपयोग होत नाही. त्यातली प्रत्येक ओळ का आली, ते कळलं तर आपापल्या गावाप्रमाणे बदलता येतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी आमच्या गावाची अडचण सांगते. पिंपळनेरला रेल्वे नाही. मुंबई-नागपूरकडचे पाहुणे मनमाडला किंवा चाळीसगावला उतरतात. चाळीसगावहून जो फाटा निघतो तो धुळ्याला येऊन संपतो. सुरतेकडचे ताप्ती लाइनने नंदुरबारला किंवा नवापूरला येतात. तिथून पुढे सगळ्यांना रस्ताच. म्हणजे गाव एक आणि वेशी चार-पाच. शहरात लग्न असलं की "हॉलवर या" एवढं पुरतं, इथे पाहुणा कुठल्या वेशीतून येतोय हे आधी कळल्याशिवाय गाडीच पाठवता येत नाही.

त्यात नावाचा घोळ. पिंपळनेर नावाचं गाव बीड जिल्ह्यात आहे, सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातही आहे. फोनवर नुसतं "पिंपळनेर" टाकलं की पुण्याच्या माणसाला कधीकधी ती गावं आधी दिसतात.

मेसेजच्या आधी वही

मेसेज लिहायला बसण्याआधी माहिती हातात हवी. ती ग्रुपवर मागायची नाही, हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं. ग्रुपवर मागितली की दोन उत्तरं येतात, मग कुणीतरी मुलीचा लहानपणचा फोटो टाकतं, त्यावर पन्नास नमस्कार येतात आणि तिसरं उत्तर त्यात बुडून जातं. आमच्याकडून मी आणि मुलाकडून त्याचे मामा, असे दोघांचेच नंबर दिले. आपापल्या बाजूच्या पाहुण्यांनी आपापल्या माणसाला खाजगी कळवायचं. प्रत्येक कुटुंबाकडून एकानेच.

प्रश्न पाचच ठेवले. किती जण, त्यात लहान मुलं किती? कशाने येणार, कुठे उतरणार, किती वाजता? मुक्काम कुठल्या रात्री? चौविहार, उकळलेलं पाणी किंवा जिना न चढणं, असं काही आहे का? आणि परत कधी, कुठून जाणार? तिकिटाचा फोटो पाठवा असंही लिहिलं, कारण माणसं आठवणीने वेळ सांगतात तेव्हा बऱ्याचदा गाडी सुटायची वेळ सांगतात, पोहोचायची नाही.

पाचवा प्रश्न लोक विसरतात. येतानाच्या गाड्यांची सगळ्यांना काळजी असते, जातानाची कुणाला नसते. पण मंडप उतरल्यावर रविवारी संध्याकाळी दमलेल्या घरात "आम्हाला मनमाडला कोण सोडणार?" हा प्रश्न आला की तेव्हा ना ड्रायव्हर मिळतो ना गाडी.

लग्नाच्या बारा दिवस आधीची मुदत दिली होती. बाहेरगावची एकूण २३ कुटुंबं. मुदतीत १५ जणांनी कळवलं, उरलेल्या ८ जणांना फोन केले. मेसेजला उत्तर आलं नाही म्हणजे येणार नाहीत, असं धरू नये. वयस्कर माणसं मेसेज वाचतात, "बरं" म्हणतात आणि फोन खाली ठेवतात.

आमच्या यादीत ४७ माणसं झाली, मामांच्या यादीत ४१. बेरीज ८८. पण आमच्या समाजात सगळे एकमेकांचे कुठून ना कुठून लागतातच. दोन जोडपी अशी निघाली की ती मुलीचीही नात्यात आणि मुलाचीही. दोन्हीकडे त्यांची नावं होती. नावावरून ते लक्षात आलं नसतं, कारण आमच्याकडे माहेरच्या नावाने लिहिलेल्या बाई त्यांच्याकडे सासरच्या नावाने होत्या. फोन नंबर क्रमाने लावले तेव्हा सापडलं. म्हणून खरी संख्या ८४.

मग वहीत जमा आणि नावे यासारखे तीन रकाने पाडले. माणूस, त्याची गाडीतली जागा, त्याची झोपायची जागा. तिन्ही रकान्यांची बेरीज ८४ आली पाहिजे. ३१ जण स्वतःच्या गाड्यांनी, ३६ जण पुण्याहून मुलाकडच्या बसने, रेल्वेने मनमाडला ९, नंदुरबारला ५ आणि धुळ्याला ३. झाले ८४. कुठल्याही रकान्यात एकाचा जरी फरक आला तर कुणीतरी स्टेशनवर उभं राहणार किंवा कुणालातरी दोन खोल्या जाणार, एवढं नक्की.

गाडी ठरवताना माणसं मोजून भागत नाही. लग्नाला येणाऱ्या माणसाबरोबर किमान एक मोठी बॅग असते, बायकांबरोबर साड्यांची वेगळी. मनमाडच्या ९ जणांसाठी आम्ही १२ जणांची क्रूझर सांगितली आणि तीन जागा सामानाच्या धरल्या. नंदुरबारच्या ५ जणांना सात जणांची गाडी. धुळ्याच्या तिघांसाठी वेगळी गाडी केली नाही, धुळ्याहूनच स्वतःच्या गाडीने येणाऱ्या आमच्या नणंदबाईंच्या घरी त्यांना चहाला थांबायला सांगितलं आणि तिथून ते बरोबर आले.

सूर्यास्तापासून उलटं मोजायचं

आता खरी गोष्ट. मुलाच्या आजी ८२ वर्षांच्या. त्यांचा वर्षानुवर्षांचा चौविहार. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही, ते दुसऱ्या दिवशी नवकारसी होईपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य साधारण ५.५० ला मावळतो आणि सकाळी सातच्या जरा आधी उगवतो. म्हणजे ज्यांचं संध्याकाळचं जेवण चुकलं त्यांना तेव्हापासून सकाळी पावणेआठपर्यंत घोटभर पाणीही नाही. आणि हे दिवसभराच्या प्रवासानंतर, ८२ व्या वर्षी, औषधं चालू असताना.

पुण्याची बस शनिवारी सकाळी ९ ला निघणार असं मामांनी कळवलं होतं. मी रस्ता मोजला. पुण्याहून नाशिक, बससाठी पाच तास धरावे. नाशिकहून सटाणा दोन तास. सटाण्याहून ताहाराबाद, मग शेलबारीचा घाट आणि पिंपळनेर, हा सव्वा तास, कारण या रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर लागतात आणि घाटात त्यांच्या मागे बस रांगते. आमचं गाव कांद्याचं मोठं बाजारगाव आहे, आणि लग्नाच्या स्वयंपाकात मात्र कांदा नाही, यावर पाहुणे दरवेळी हसतात. तर सव्वाआठ तास निव्वळ रस्ता, त्यात जेवण आणि चहाचं थांबणं मिळून पाऊण तास. ९ ला निघालेली बस ६ ला पोहोचणार. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी.

इथे दोन्ही घरांची अडचण समजून घ्या. आम्ही मुलीकडचे. "बस लवकर काढा" असं व्याह्यांना आम्ही सांगायचं कसं? ३६ माणसांना थंडीत पहाटे उठवायला सांगणं म्हणजे हुकूम केल्यासारखं. आणि आजींचा चौविहार आहे हे त्यांच्या घरच्यांना माहीतच होतं, पण त्यांनाही "आमच्या आजींसाठी अमुक वेळेला जेवण तयार ठेवा" असं म्हणणं जड जात होतं. मुलाकडच्यांनी मागण्या केल्या असं व्हायला नको. दोन्हीकडून संकोच, आणि मधल्या मध्ये आजी रात्रभर तहानलेल्या.

त्यावर मी मेसेजमध्ये कुणालाच काही सांगितलं नाही. फक्त तीन आकडे लिहिले. सूर्यास्त ५.५०. चौविहाराची पंगत ५.००. पुण्याहून बसने लागणारा वेळ, थांब्यासह, ९ तास. हे तिन्ही शेजारी शेजारी. मेसेज गेल्यावर वीस मिनिटांत मामांचा फोन आला, "ताई, बस ७ ला काढतो आहे. ९ ला निघून जमणार नाही असं दिसतंय." कुणी कुणाला शब्द टाकला नाही आणि बस दोन तास अलीकडे आली.

दोन घरांच्या सामाईक मेसेजचं हेच गमक मला वाटतं. आपल्या घरातल्या ग्रुपवर "लवकर या" म्हणता येतं. व्याह्यांच्या माणसांना ते म्हणता येत नाही आणि म्हणू नये. पण ज्या माहितीवरून माणूस आपला आपण निर्णय घेईल, ती माहिती पूर्ण आणि एका जागी देता येते. मी पुढचा सगळा मेसेज याच कसोटीवर लिहिला.

मनमाडचंही तसंच उलटं मोजलं. पिंपळनेरला पंगतीच्या आधी हात-पाय धुवायला दहा मिनिटं, म्हणून ४.५० ला पोहोचायचं. मनमाडहून तीन तास. म्हणजे १.५० ला क्रूझर हलली पाहिजे. पाहुण्यांची गाडी मनमाडला १२.४५ ला येणार होती, तासाभराची सवड होती. पण रेल्वे आहे, उशीर होऊ शकतो. म्हणून सकाळी क्रूझर निघतानाच तिच्यात ९ जणांचं जेवण बांधून दिलं. मेथीचे ठेपले, खाखरे, कोरडी मुगाची डाळ, आणि चौविहारवाल्या तिघांसाठी उकळून गार केलेल्या पाण्याची वेगळी खूण केलेली बाटली. गाडी वेळेवर आली तर हे जेवण परत घरी येईल, एवढंच नुकसान.

मुक्काम

मुक्कामाला आमच्याकडे कार्यालयाच्या १० खोल्या होत्या, प्रत्येकी ४ खाटा. लॉजच्या ८ खोल्या, प्रत्येकी २. आणि भाऊबंदांची ९ घरं, प्रत्येकी ४ जणांची सोय. ४०, १६ आणि ३६ मिळून ९२. माणसं ८४. कागदावर आठ जागा जास्त. पण माणसं वहीतल्या आकड्यासारखी कुठेही बसत नाहीत. तिघांच्या कुटुंबाच्या खोलीत चौथा परका माणूस घालता येत नाही. पाच जणांचं कुटुंब चार खाटांत मावत नाही. सगळं लावून झाल्यावर आठातल्या तीनच जागा मोकळ्या उरल्या, आणि त्याही तीन वेगळ्या खोल्यांत. म्हणून माणसांपेक्षा दहाव्या हिश्श्याने तरी जागा जास्त धराव्यात. ८४ ला ८४ खाटा म्हणजे खरं तर कमीच.

आधी ज्यांना पर्याय नाही त्यांच्या जागा लावायच्या. जिना न चढणारे सहा जण होते, त्यांना तळमजला आणि कमोड असलेल्या खोल्या. मग लहान मुलांवाल्या आया, त्यांना बाथरूम आत असलेल्या खोल्या. मग बाकीचे. उलट क्रमाने लावलं की शेवटी गुडघेदुखीची मावशी दुसऱ्या मजल्यावर जाते आणि तिच्यासाठी चार कुटुंबं हलवावी लागतात.

कोण कुठे उतरलं आहे हे मात्र ग्रुपवर टाकलं नाही. ग्रुपवर टाकलं की लगेच तुलना सुरू होते, यांना कार्यालयात खोली आणि आम्हाला लॉज. दुसरं म्हणजे लग्नाच्या सामानात दागिने असतात. कुठल्या खोलीत कोण, आणि विधीच्या वेळी कुठल्या खोल्या रिकाम्या, हे शे-दीडशे फोनवर फिरायला नको. ग्रुपवर सगळ्यांना लागू ते, आणि खोली, तिथल्या माणसाचा नंबर हे ज्याचं त्याला वेगळं.

मेसेज

शेवटी गेला तो मेसेज असा. नावं आणि नंबर इथे काढले आहेत.

> ॥ जय जिनेंद्र ॥
> सूचना क्र. १. (बदल झाला तर क्र. २ येईल. नंबर मोठा असलेली सूचना खरी धरावी.)
>
> ठिकाण : पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे. बीड व सोलापूर जिल्ह्यांतही पिंपळनेर आहे. सोबतच्या लोकेशनवरच यावे. पुण्याहून येताना नाशिक आणि मग सटाणा लागला तर रस्ता बरोबर आहे.
>
> शनिवारच्या वेळा : सूर्यास्त ५.५०. चौविहाराची पंगत ५.००. नंतरचे जेवण ७.३० पासून.
> रविवार : नवकारसी ७.४५, त्यानंतर नाश्ता. हस्तमेळाप ११.३०.
>
> पिंपळनेरला पोहोचायला लागणारा वेळ, थांब्यासह : पुण्याहून बसने ९ तास. मनमाडहून ३ तास. धुळ्याहून व नंदुरबारहून २ तास.
>
> मनमाड : क्रूझर दुपारी १२ पासून स्टेशनबाहेर. रेल्वेला उशीर झाला तरी थांबेल. नाशिकरोड सुटले की एक ओळ कळवावी. जेवण गाडीत आहे.
> नंदुरबार : गाडी सकाळी ११ पासून स्टेशनबाहेर.
> स्वतःची गाडी : सुरतेकडून येणाऱ्यांनी नवापूरहून चरणमाळ घाटाने न येता विसरवाडी, दहिवेलमार्गे यावे. रस्ता थोडा लांब आहे, पण वळणे सोपी आहेत.
>
> मुक्काम : आपली खोली आपणास वेगळी कळवली आहे. शनिवारी सकाळी १० पर्यंत कळले नसेल तर खालील नंबरवर फोन करावा.
> परतीच्या गाड्या : रविवारी दुपारी ३ ला मनमाड व नंदुरबारसाठी, कार्यालयाच्या दारातून.
>
> वधूकडून : … वराकडून : … (मेसेज नको, फोन करावा.)

आता यातल्या काही ओळींबद्दल.

सूचनेला नंबर दिला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर बदल झाला की नवा पाठवावा लागतो, आणि तोपर्यंत जुना कुणीतरी आपल्या माहेरच्या ग्रुपवर पुढे ढकललेला असतो. दोन्ही फिरत राहतात. नंबर असला की निदान कुठला नवा ते कळतं. एखादीच ओळ बदलली तरी मी पूर्ण मेसेज नव्या नंबराने पाठवला. "वरच्या मेसेजमध्ये ३ ऐवजी साडेतीन वाचावे" असं लिहिलं की वरचा मेसेज ज्याच्याकडे नाही त्याला काहीच कळत नाही.

मेसेज पिन केला. पिन करताना २४ तास, ७ दिवस की ३० दिवस असं विचारतं. पहिलं धरलं तर लग्नाच्या दिवशी पिन गायब होते, म्हणून ३० दिवस घ्यावे. शिवाय तोच मजकूर ग्रुपच्या वर्णनातही टाकला, कारण उशिरा ग्रुपमध्ये आलेल्या माणसाला आधीचे मेसेज दिसतीलच असं नाही, वर्णन मात्र दिसतं.

लोकेशन वेगळं पाठवलं. गावाचं नाव टाइप करून माणूस चुकतो, पाठवलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं की नेमक्या दारात येतो. तरी "नाशिक आणि मग सटाणा लागला तर रस्ता बरोबर" ही ओळ ठेवली. नकाशा चुकला तर चुकला हे ओळखायला माणसाच्या हातात काहीतरी खूण हवी. पुण्याच्या एका काकांनी आदल्या रात्रीच नकाशाचा फोटो पाठवला, "यात नाशिक कुठेच दिसत नाही, बीड दिसतंय, हे बरोबर आहे का?" त्यांनी नाव टाइप केलं होतं. ती ओळ नसती तर हा प्रश्न रस्त्यात अर्ध्यावर आला असता.

भाषेचंही पाहिलं. सगळीकडे "यावे", "कळवावे" असं ठेवलं, "या", "कळवा" नाही. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस खाली लिहिला. मुलाकडच्या पाहुण्याला मुलीकडच्यांना फोन करून "आम्हाला गाडी नाही आली" म्हणायला संकोच वाटतो, आपल्या मामाला तो निःसंकोच सांगतो. मामा मला सांगतात. संकोच वाचला की वेळ वाचतो. आणि मेसेज पाठवला मामांनी, मी नाही. मुलाकडच्या मंडळींना सूचना त्यांच्याच माणसाकडून गेली, आमच्याकडच्यांनी तीच वाचली.

शनिवारी काय झालं

पुण्याची बस ७ ऐवजी सव्वासातला निघाली आणि ४.२० ला कार्यालयापाशी आली. आजी उतरल्या, गरम पाण्याने हात-पाय धुतले आणि पाचच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसल्या. विहीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्या पाचच्या ओळीचं बरं झालं. मला सांगवत नव्हतं."

मनमाडच्या गाडीला मात्र उशीर झाला. नाशिकरोड सुटल्याची ओळ यायला हवी होती साडेअकराच्या सुमारास, ती आली सव्वा वाजता. नाशिकरोडहून मनमाड तासाभराचं, म्हणजे सव्वादोनपर्यंत गाडी येणार, हे तेव्हाच कळलं. पाहुणे २.२५ ला उतरले, क्रूझर २.४५ ला हलली. पाचच्या पंगतीला ते पोहोचू शकत नव्हते. ड्रायव्हरला मी फोन करून सांगितलं, ५ वाजता ताहाराबादला थांबा, वीस मिनिटं, जेवण तिथेच उरका. घाट चढण्याआधी तिघांचं जेवण आणि पाणी उजेडात झालं. सहा वाजून गेल्यावर ते गावात आले, चौविहार घेऊनच.

सुरतेच्या तीन गाड्यांपैकी दोन दहिवेलहून आल्या. तिसरी नकाशाने चरणमाळ घाटात नेली. चालवणारा मुलगा तरणा होता, सुखरूप आला, पण त्याची आई उतरल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलली नाही. मेसेज सगळ्यांनी वाचला होता, ड्रायव्हरने वाचला नव्हता. पुढच्या वेळी स्वतःच्या गाडीने येणाऱ्या घरातून जो गाडी चालवणार त्याचाच नंबर मागून घ्यायचा आणि रस्त्याची ओळ त्याला वेगळी पाठवायची, असं मी वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

रविवारी सूचना क्र. ३ गेली. दुपारी ३ ची परतीची गाडी साडेतीनची केली होती, कारण पाठवणी लांबली. मनमाडची रेल्वे रात्री ८ ची असल्याने अर्धा तास देता येत होता, हे पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात आधीच लिहिलेलं होतं. नंदुरबारच्या पाच जणांना तेवढी सवड नव्हती. ते ३ लाच निघाले, नवऱ्या मुलीला मंडपातच भेटून. त्यांना घेऊन जाणारा ड्रायव्हर परत येताना रिकामा येणार होता, म्हणून मामांनी त्याच्याबरोबर साक्रीहून केटररची भाड्याने आणलेली भांडी परत पाठवली, आणि त्या फेरीचं अर्धं भाडं आमच्या हिशोबातून कमी झालं.